सोयाबीनच्या गाठीतलं हिमोग्लोबिन आणि आपल्या रक्तातलं: ब्लास्टवरून नातं ठरवतानाच्या नोंदी

४ ऑगस्ट, सोमवार

या दिवसांत सोयाबीनचं रोप उपटून मुळावरची ताजी गाठ नखानं फोडली की आत गुलाबी-लाल रंग दिसतो. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा. ते गाठीतला ऑक्सिजन धरून ठेवतं, कारण मोकळा ऑक्सिजन जिवाणूंच्या नायट्रोजन बांधणाऱ्या एन्झाइमला सोसत नाही. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिनही ऑक्सिजनच धरतं आणि दोघांच्या पोटात हीम हाच लोहाचा रेणू असतो. पण काम एक आणि नाव एक म्हणून जनुकं एकाच पूर्वज-जनुकातून उतरली असं होत नाही. ती तशी उतरली आहेत का, हे ब्लास्टच्या, म्हणजे सिक्वेन्स एकमेकांशी जुळवून बघणाऱ्या प्रोग्रामच्या, निकालावरून कितपत ठरवता येतं ते बघायचं आहे. हेच काम दुसऱ्या जोडीवर करणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून नोंदी ठेवतोय.

माणसाची अल्फा साखळी युनिप्रॉटवरून घेतली, क्रमांक P69905, लांबी १४२ अमिनो आम्लं. सोयाबीनचं लेगहिमोग्लोबिन ए, क्रमांक P02238, लांबी १४४. मोजपट्टी म्हणून आणखी दोन माणसाची प्रथिनं ठेवली, ज्यांचं अल्फाशी नातं आधीच पक्कं आहे: हिमोग्लोबिनची बीटा साखळी (P68871, १४७) आणि स्नायूतलं मायोग्लोबिन (P02144, १५४). असे ओळखीचे चेहरे सोबत असले की अनोळखी आकडा आला तर तो कशाच्या शेजारी ठेवायचा ते कळतं.

जनुकांचा प्रश्न म्हणून सुरुवात डीएनएपासून केली. दोन्हींचे एमआरएनए मेगाब्लास्टला दिले. उत्तर: "No significant similarity found". यातून काहीही सिद्ध होत नाही. मेगाब्लास्टला सुरुवात करायलाच सलग २८ अक्षरं जशीच्या तशी जुळलेली लागतात. प्राणी आणि वनस्पती वेगळे होऊन इतका काळ लोटलाय की असा तुकडा शिल्लक राहण्याची आशाच नाही. कोडॉनचं तिसरं अक्षर बदललं तरी बहुतेकदा अमिनो आम्ल तेच राहतं, त्यामुळे डीएनए आधी झिजतो आणि प्रथिन मागे टिकतं. लांबचं नातं शोधायचं तर जनुकाचा भाषांतरित क्रम द्यायचा. डीएनएचा कारभार इथेच बंद केला.

५ ऑगस्ट, मंगळवार

वेबवरच्या ब्लास्टपीला अल्फा साखळी दिली, डेटाबेस स्विस-प्रॉट. यादी आली आणि ती सगळी हिमोग्लोबिन अल्फानंच भरलेली. माकड, घोडा, गाय, वटवाघूळ अशी रांग लागलेली. लेगहिमोग्लोबिन नाही, आणि गंमत म्हणजे मायोग्लोबिनसुद्धा नाही. इथे दुपार गेली. मायोग्लोबिन दिसत नाही म्हणजे शोधातच काहीतरी खोट आहे एवढं कळत होतं, खोट कुठे ते सापडत नव्हतं. शेवटी सेटिंग उघडून पाहिलं: यादीत दाखवायच्या सिक्वेन्सची मर्यादा मुळातच १०० वर ठेवलेली असते. स्विस-प्रॉटमध्ये नुसत्या अल्फा साखळ्याच शेकड्यांनी आहेत, त्यांनी सगळ्या जागा अडवल्या. ओळखीचा चेहरा यादीत नसता तर "लेगहिमोग्लोबिन सापडत नाही" असं लिहून आम्ही मोकळे झालो असतो.

मर्यादा ५००० केली. मग मात्र रोज वेबच्या रांगेत ताटकळण्यापेक्षा स्विस-प्रॉटच उतरवून घेतला. दाबलेली फाइल शंभर एमबीच्या आत आहे आणि साध्या लॅपटॉपवर शोध चालतो. खर्च काही नाही.

```
makeblastdb -in uniprot_sprot.fasta -dbtype prot -out sprot
blastp -query hba.fa -db sprot -evalue 10 -max_target_seqs 5000 \
  -outfmt "6 sseqid pident length qcovs evalue bitscore sstart send slen"
```

`outfmt` मधले शेवटचे तीन रकाने मुद्दाम मागून घ्या. वेबच्या तक्त्यात क्वेरी कव्हरेज दिसतं, म्हणजे आपल्या सिक्वेन्सचा किती भाग जुळला ते. समोरच्या सिक्वेन्सचा किती भाग जुळला हे तिथे सहज दिसत नाही, आणि पुढे त्याचीच गरज पडते.

बीटा साखळी: आयडेंटिटी साधारण ४३ टक्के, कव्हरेज जवळपास पूर्ण, ई-व्हॅल्यू, म्हणजे इतकी चांगली जुळणी निव्वळ योगायोगानं किती वेळा सापडेल तो आकडा, इतकी लहान की दशांश चिन्हानंतर वीसहून जास्त शून्यं. मायोग्लोबिन: आयडेंटिटी २६ टक्क्यांच्या आसपास, कव्हरेज तेही जवळपास पूर्ण. ई-व्हॅल्यू बीटाच्या मानानं खूप मोठी, तरी योगायोगाच्या पातळीच्या बरीच खाली. लेगहिमोग्लोबिन: ई-व्हॅल्यूची मर्यादा १० ठेवूनही यादीत नाही.

७ ऑगस्ट, गुरुवार

सहकारी म्हणाली, "डेटाबेसच्या गर्दीत हरवलं असेल. दोघांनाच समोरासमोर बसवून बघ ना." बसवलं. डेटाबेसऐवजी `-subject` ला लेगहिमोग्लोबिनची फाइल दिली, मर्यादा सैल केली, आणि अलाइनमेंट आली. त्यातला सगळ्यात देखणा पट्टा हा:

```
HBA  SALSDLHAHKLRVDP
LBA  AALGSVHAQKAVTDP
```

१५ जागा, त्यातल्या ७ तंतोतंत सारख्या. ४७ टक्के! अल्फा-बीटापेक्षाही जास्त. तिचा चेहरा खुलला. मी म्हटलं, आधी हाच पट्टा कागदावर मोजू.

ब्लोसम६२ च्या तक्त्यातून जागेमागून जागा गुण लिहिले: १, ४, ४, ०, ०, १, ८, ४, ०, ५, उणे १, उणे ३, ०, ६, ७. बेरीज ३६. याचा बिट स्कोअर करताना ब्लास्टपीच्या नेहमीच्या गॅप-दंडाला, म्हणजे ११ आणि १ ला, लागू असलेले दोन स्थिरांक वापरले:

```
bits = (0.267*36 - ln(0.041)) / ln(2) = 18.5
E    = m * n / 2^bits
```

इथे m म्हणजे आपल्या सिक्वेन्सची लांबी आणि n म्हणजे ज्यात शोधलं त्या सगळ्याची लांबी. दोघंच समोरासमोर असताना n फक्त १४४. मग ई-व्हॅल्यू येते ०.०५६. हाच पट्टा, हेच १८.५ बिट, पण स्विस-प्रॉटमध्ये शोधलं तर n सुमारे २० कोटी होतं आणि ई-व्हॅल्यू जाते पाऊण लाखाच्या वर. म्हणजे एवढ्या मोठ्या डेटाबेसमध्ये इतका चांगला पट्टा निव्वळ योगायोगानं पाऊण लाखाहून जास्त वेळा सापडायला हवा. ब्लास्ट हिशेबात कडेची थोडी लांबी वजा करतो, त्यामुळे पडद्यावरचे आकडे कागदाशी अगदी जुळणार नाहीत. पण मामला दशांशाचा नाहीच, लाखांच्या फरकाचा आहे.

गॅप धरून हा पट्टा दोन्ही बाजूंना ताणला की स्कोअर थोडा वाढतो. आमच्या मोजणीत तो २३ बिटांच्या आसपास थांबला. समोरासमोरच्या शोधात त्याची ई-व्हॅल्यू हजारात दोनच्या घरात येते, आणि तिथेच माणूस फसतो. ०.००२ दिसलं की हात शिवशिवतात. पण ही जोडी आम्ही आंधळेपणानं निवडलेली नाही. आधी डेटाबेस चाळला, त्यात सापडली नाही, म्हणून खास दोघांना बोलावून बसवलं. चाळलेल्या ढिगाचा हिशेब सोडून दिला तर ती ई-व्हॅल्यू आपण स्वतःच स्वस्त करून घेतलेली असते. म्हणून आजपासून वहीत ई-व्हॅल्यूशेजारी बिट स्कोअर आणि डेटाबेसचं नाव हे दोन्ही लिहायचे. डेटाबेस बदलला तर ई-व्हॅल्यू बदलते, बिट स्कोअर जागचा हलत नाही.

८ ऑगस्ट, शुक्रवार

सरांनी आल्या आल्या विचारलं, "मग किती टक्के होमोलॉगी आली?" काय बोलावं कळेना. टक्के आयडेंटिटीला असतात. होमोलॉगस असणं, म्हणजे एकाच पूर्वजातून उतरलेलं असणं, हे सगोत्र असण्यासारखं आहे: गोत्र एक असतं किंवा नसतं, २६ टक्के सगोत्र असं कुणी नसतं. सर हसले आणि म्हणाले, "बरं, मग २६ टक्क्यांना हो आणि ४७ टक्क्यांना नाही असं का लिहिलंयस ते दाखव."

दाखवायला मायोग्लोबिनची अलाइनमेंट पुढे ओढली. तीही हातानं मोजली होती. गॅपसकट १४८ रकाने, त्यात ३८ सारखे, म्हणून २६ टक्के. मधे सहा जागांचा एक गॅप, त्याचा दंड १७. सगळं वजा करून कच्चा स्कोअर ११५ च्या आसपास, म्हणजे ४९ बिट. २० कोटींच्या डेटाबेसमध्ये ई-व्हॅल्यू येते साधारण 5e-5.

सारख्या जागा विरळ आहेत, पण त्या पहिल्या मेथिओनिनपासून शेवटच्या टायरोसिनपर्यंत पसरल्या आहेत, आणि मधल्या बऱ्याच बदलांनाही तक्त्यात शून्य किंवा थोडे अधिक गुण मिळतात. एकेक जागा फुटकळ, पण दीडशे जागांत मिळून स्कोअर चढत जातो. कालच्या पट्ट्यात सारख्या जागा दाट होत्या, पण पंधरा जागांत स्कोअर चढून चढणार किती? त्याचं क्वेरी कव्हरेज अकरा टक्क्यांच्या आत. पाच सलग अमिनो आम्लं तंतोतंत सारखी असूनही प्रथिनं असंबंधित आणि त्या पाचांची घडी निराळी, हे १९८४ सालीच दाखवून झालेलं आहे. म्हणून आयडेंटिटी वाचताना "किती लांबीवर" हे सोबत वाचलं नाही तर आकडा निरर्थक आहे. ऐंशी-शंभर जागांच्या वर पंचवीस-तीस टक्के असतील तर लक्ष द्यावं. त्याखाली संधिप्रकाश सुरू होतो, तिथे टक्क्यांकडे बघून काही ठरत नाही.

सर म्हणाले, "मग सोयाबीनचं नाही म्हणून टाका." तिथे मात्र मी अडलो. लहान ई-व्हॅल्यू आली तर नातं आहे असं म्हणता येतं. मोठी आली तर एवढंच म्हणता येतं की या साधनाला नातं दिसलं नाही. ब्लास्ट एका वेळी दोनच सिक्वेन्स बघतो आणि सगळ्या जागांना एकाच तक्त्यानं गुण देतो. कुळात कोणती जागा अजिबात बदलत नाही आणि कोणती कशीही बदलते, हे त्याला माहीतच नसतं.

११ ऑगस्ट, सोमवार

ते माहीत करून देणारं साधन म्हणजे साय-ब्लास्ट. पहिली फेरी साध्या ब्लास्टपीचीच असते. त्यात पक्के जुळलेले सिक्वेन्स एकमेकांखाली मांडून प्रत्येक जागेचा वेगळा गुणतक्ता तयार होतो आणि पुढची फेरी त्या तक्त्यानं होते.

```
psiblast -query hba.fa -db sprot -num_iterations 5 \
  -inclusion_ethresh 0.001 -max_target_seqs 5000 \
  -outfmt "6 sseqid qcovs evalue bitscore sstart send slen" > rounds.txt
```

तक्त्यात कोणाला घ्यायचं याची ई-व्हॅल्यू मर्यादा मुद्दाम कडक ठेवली. एकदा परका आत शिरला की पुढच्या फेरीत तो आपले भाऊबंद घेऊन येतो आणि सगळा तक्ताच बिघडतो.

फेऱ्यांगणिक वर्तुळ रुंदावत गेलं. आधी अल्फा, बीटा, मायोग्लोबिन. मग सायटोग्लोबिन, शिंपल्यांचे आणि वलयी कृमींचे ग्लोबिन, मेंदूतलं न्यूरोग्लोबिन (हे २००० साली सापडलं). आणि मग वनस्पतींची हिमोग्लोबिनं, त्यांत लेगहिमोग्लोबिनही, कव्हरेज जवळपास पूर्ण लांबीचं. ज्यांना गाठी येतच नाहीत त्या भात आणि मोहरीसारख्या वनस्पतींतही हिमोग्लोबिन असतं. हा मधला दुवा हाताशी आला की सोयाबीन एकदम एकटं राहत नाही.

इथे एक सावधगिरी, जी कुठल्या बटणावर लिहिलेली नसते. लेगहिमोग्लोबिन तक्त्यात शिरल्यानंतरच्या फेऱ्यांत त्याची ई-व्हॅल्यू धडाधड उतरते. ती पुरावा म्हणून लिहू नका. तक्ता घडवण्यात त्याचा स्वतःचाच हात आहे, मग तो त्याला जुळणारच. ज्या फेरीत ते पहिल्यांदा मर्यादेखाली आलं, म्हणजे तक्त्यात अजून नव्हतं, त्या फेरीची ई-व्हॅल्यू तेवढी ग्राह्य. आम्ही `rounds.txt` मधून ती ओळ शोधून वहीत उतरवली आणि पुढच्या फेऱ्यांचे आकडे लिहिलेच नाहीत.

उलट्या दिशेनंही चालवलं, लेगहिमोग्लोबिनपासून सुरू करून. एका दिशेनं सापडलं आणि दुसऱ्या दिशेनं नाही, असं झालं असतं तर थांबून विचार करावा लागला असता. तसं झालं नाही, प्राण्यांचे ग्लोबिन पुढच्या फेऱ्यांत आले.

१३ ऑगस्ट, बुधवार

उलट्या शोधात एक पाहुणा असा आला की त्यानं अख्खा दिवस घेतला. ई. कोलायचं फ्लॅव्होहिमोग्लोबिन, जनुकाचं नाव hmp, P24232. तक्त्यात बघितलं तर क्वेरी कव्हरेज छान, लेगहिमोग्लोबिन जवळपास टोकापासून टोकापर्यंत जुळलेलं. सहकारीनं विचारलं, "हा जिवाणूतला दुवा चांगलाय. याला धरून आणखी पुढे जाऊ या का?" गेलो. hmp स्वतः क्वेरी म्हणून दिलं.

ढीगभर निकाल आले. ई-व्हॅल्यू अशा की शंकाच घेऊ नये. पण नावं वाचली तर त्यांत ग्लोबिनशी काही देणंघेणं नसलेली रिडक्टेज एन्झाइमं! एफएडी आणि एनएडी पकडून इलेक्ट्रॉन पुढे सरकवणारी. हिमोग्लोबिन hmp शी जुळतं, hmp या रिडक्टेजांशी जुळतं, म्हणून हिमोग्लोबिन आणि रिडक्टेज एकाच कुळातले, असं साखळी जोडून लिहिलं असतं तर प्रत्येक कडी खरी आणि निष्कर्ष साफ चूक.

उलगडा `sstart`, `send` आणि `slen` या रकान्यांत होता. hmp ची लांबी ३९६. लेगहिमोग्लोबिन त्याच्या पहिल्या साधारण १४० जागांवर बसतं, म्हणजे hmp च्या जेमतेम तिसऱ्या हिश्शावर. रिडक्टेज बसतात ते १५० च्या पुढच्या भागावर. दोन्ही तुकडे कुठेच एकमेकांवर येत नाहीत. hmp हे दोन वेगळ्या कुळांतल्या तुकड्यांना सांधून झालेलं प्रथिन आहे, पुढे ग्लोबिन आणि मागे रिडक्टेज.

वेबवर नुसतं क्वेरी कव्हरेज बघणाऱ्याला हे दिसलं नसतं, कारण लेगहिमोग्लोबिनच्या बाजूनं कव्हरेज खरंच उत्तम होतं. आमच्या `outfmt` मध्ये ते तीन रकाने पहिल्या दिवसापासून होते म्हणून सापडलं. मधला दुवा वापरायचा असेल तर दोन्ही बाजूंचे तुकडे त्याच्या त्याच जागांवर पडतात का, हे बघितल्याशिवाय साखळी पुढे नेऊ नका. दिवसअखेर फाइलमधून hmp च्या पहिल्या १४० जागा कापून तेवढ्याच पुन्हा शोधल्या. रिडक्टेज एकदम गायब झाले आणि ग्लोबिन राहिले.

वहीत hmp पुढे "लेगहिमोग्लोबिनशी होमोलॉगस" असं न लिहिता "जागा १ ते १४० पुरतं ग्लोबिन कुळाशी होमोलॉगस" असं लिहिलं. जनुक होमोलॉगस म्हणायचं की जनुकाचा भाग, हा फरक पुसला गेला की पुढे कुणीतरी त्यावर कार्य चिकटवतं आणि चुकीचं लेबल डेटाबेसात फिरत राहतं.

१४ ऑगस्ट, गुरुवार

साय-ब्लास्टनं दिलेली अलाइनमेंट रसायनशास्त्राच्या दृष्टीनं बरोबर आहे का ते तपासलं. ग्लोबिनमध्ये हीमच्या लोहाला थेट धरणारं एक हिस्टिडीन असतं आणि पलीकडच्या बाजूनं ऑक्सिजनपाशी दुसरं. अल्फा साखळीत त्यांचे प्रचलित क्रमांक ८७ आणि ५८, सोयाबीनमध्ये ९२ आणि ६१. शिवाय हीमला टेकलेलं एक फिनिलअलॅनिन, अल्फात ४३ आणि सोयाबीनमध्ये ४४.

फाइलमध्ये ८७ वर बघितलं तर ल्यूसिन. सोयाबीनच्या ९२ वर व्हॅलिन. दोन्ही फाइली परत उतरवल्या, तेच. कारण अगदी साधं निघालं: लेखांतले क्रमांक तयार प्रथिनाचे असतात, ज्यातलं पहिलं मेथिओनिन पेशीनं काढून टाकलेलं असतं. युनिप्रॉटची फाइल ते मेथिओनिन धरून मोजते. सगळीकडे एक मिळवला की हिस्टिडीन जागेवर. खालचे सगळे क्रमांक तयार प्रथिनाचेच लिहितोय.

८७ आणि ९२ एकमेकांखाली आले, ५८ आणि ६१ ही आले, फिनिलअलॅनिनही. आणि ८७ चं हिस्टिडीन कुठे आहे? गेल्या गुरुवारच्या त्या पंधरा अक्षरांच्या पट्ट्यात, `HAHK` आणि `HAQK` मधलं पहिलंच H. म्हणजे पट्टा खरा होता. त्याच्या ई-व्हॅल्यूवरून मात्र तो खरा असल्याचं कळायला मार्ग नव्हता, आणि असेच दिसणारे हजारो पट्टे खोटेही असतात.

१८ ऑगस्ट, सोमवार

अहवाल लिहायला बसलो. सरांचा एकच आक्षेप उरला होता: "हीम धरायचं म्हटलं की हिस्टिडीन लागणारच. कामाच्या गरजेपोटी दोघांकडे वेगवेगळं आलं नसेल कशावरून?" आक्षेप रास्त आहे. त्याला उत्तर द्यायचं तर असा पुरावा हवा ज्याचा हीमशी काही संबंध नाही. तो प्रथिनात सापडणार नव्हता, म्हणून इतक्या दिवसांनी पुन्हा जनुकाकडे वळलो.

माणसाच्या अल्फा जनुकात दोन इंट्रॉन आहेत. एक ३१ व्या कोडॉनपाशी, दुसरा ९९ आणि १०० या कोडॉनच्या मधे. सोयाबीनच्या लेगहिमोग्लोबिन जनुकात तीन: ३२ व्या कोडॉनपाशी, ६८ आणि ६९ च्या मधे, १०३ आणि १०४ च्या मधे.

आता अलाइनमेंट समोर ठेवून बोटानं मोजत गेलो. सुरुवातीच्या भागात सोयाबीनचा क्रमांक अल्फाच्या एकानं पुढे आहे. ३१ च्या समोर ३२ येतो. पहिला इंट्रॉन जुळला. हिस्टिडीनपाशी फरक पाचाचा झालेला असतो, ८७ समोर ९२. तिथून पुढे गेलं तर ९९ समोर १०४ यायला हवा, आणि इंट्रॉन तर १०३ नंतर आहे. एकानं चुकतंय. सहकारी म्हणाली, "गॅप बघ ना." बघितला. पट्टा जिथे `DP` वर संपतो त्याच्या लगेच पुढे अल्फात `VNF` आहे आणि सोयाबीनमध्ये `QF`:

```
HBA  DPVNFK|LLSHCLLVTL
LBA  DPQ-FV|VVKEALLKTI
```

अल्फाच्या ९७ व्या जागेसमोर एक गॅप, म्हणून फरक पाचाचा चार होतो आणि ९९ समोर बरोबर १०३ येतो. उभी रेघ म्हणजे इंट्रॉनची जागा, दोन्हींत तीच. तो गॅप अलाइनमेंटनं निव्वळ अमिनो आम्लांच्या गुणांवरून टाकला होता, इंट्रॉनचं तिला काहीच माहीत नव्हतं. इंट्रॉन कुठे असावा हे हीम ठरवत नाही.

सोयाबीनचा मधला इंट्रॉन माणसात नाही. तो पूर्वजात होता आणि प्राण्यांच्या वाटेवर गळला, की वनस्पतींच्या वाटेवर नंतर आला, हे या दोन जनुकांवरून ठरत नाही. त्यावर अहवालात काही लिहिलं नाही.

अहवालातली ओळ अशी ठेवली: अल्फा साखळी आणि सोयाबीन लेगहिमोग्लोबिन ए होमोलॉगस, पूर्ण लांबीवर. आधार: साय-ब्लास्टमध्ये मर्यादेखाली पहिल्यांदा आलेल्या फेरीची ई-व्हॅल्यू, दोन्ही बाजूंचं कव्हरेज, उलट्या दिशेची पडताळणी, दोन इंट्रॉनच्या जागा. साध्या ब्लास्टपीत स्विस-प्रॉटवर दिसत नाही, हेही त्याच ओळीत. सरांनी खाली पेन्सिलीनं लिहून दिलं, "जोडीच्या शोधातला ०.००२ तक्त्यातून काढा." काढला.